वॉटरफॉल की अजाईल? घर बांधायच्या भाषेत सांगते

अगं, मीटिंगमध्ये तू विचारलंस ना की सॉफ्टवेअरमध्ये काय काय हवं ते क्लायंटकडून सगळं एकदाच लिहून का घेत नाही, तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही म्हणून इथे टाइप करतेय.

समज गावाकडे घर बांधायचंय. आर्किटेक्टकडून पूर्ण प्लॅन काढला, मंजुरी घेतली, मग पाया, कॉलम, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, फरशी असं एकामागून एक, आणि तुम्ही आत पाऊल टाकणार थेट वास्तुशांतीला. सॉफ्टवेअर असं बनवलं की तो वॉटरफॉल. आता फरशी बसल्यावर आई म्हणाली ओटा या भिंतीला नको, की झाली तोडफोड सुरू. त्यात आईची चूक नाही हां, नकाशावरच्या रेघा बघून तिला कसं कळणार सकाळचं ऊन कुठून डोळ्यात येतंय ते.

अजाईल म्हणजे आधी एकच खोली, ओटा आणि न्हाणीघर बांधायचं आणि राहायला जायचं. राहिल्यावर कळतं पाऊस कुठल्या बाजूने आत येतो, मग पुढची खोली त्या हिशोबाने. पण राहता आलं पाहिजे, हे महत्त्वाचं! चारही खोल्यांच्या अर्ध्या अर्ध्या भिंती बांधून ठेवल्या तर ते अजाईल नाही, नुसतं अर्धवट काम.

आपलं डेअरीचं अ‍ॅप बघ. पहिल्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या पहिल्या दोन आठवड्यांच्या टप्प्यात, फक्त दूध संकलनाची एंट्री आणि पावती दिली, बिलं वगैरे काही नाही. एका केंद्रावर वापरायला लागले तेव्हा समजलं की सकाळी रांग लागलेली असते, माणूस एका हाताने टाइप करतो, त्याला नावांची लिस्ट नको, सभासद नंबरच हवा. कुठल्या डॉक्युमेंटमध्ये हे आलं असतं सांग?

आणि अजाईल म्हणजे प्लॅनच नाही असं काही जण समजतात, ते साफ चूक. पुढेमागे वर मजला चढवायचा असेल तर लोक कॉलमच्या सळया स्लॅबच्या वर काढून ठेवतात की नाही, तसं आपण डेटाबेसमध्ये पहिल्या दिवसापासून केंद्राचा कोड ठेवलाय, तेव्हा केंद्र एकच होतं तरी. आणि दुधाचं फॅट मोजणारं मशीन अ‍ॅपला जोडायचं काम चक्क वॉटरफॉलने केलं, कारण मशीन कुठल्या फॉरमॅटमध्ये आकडे पाठवणार ते कंपनीने ठरवलेलं, तिथे प्रयोग कसले करायचे.

गंमत म्हणजे 1970 मध्ये विन्स्टन रॉयस नावाच्या इंजिनिअरच्या ज्या पेपरमधून वॉटरफॉलची ती पायऱ्यांची आकृती सगळीकडे गेली, त्यानेच त्यात लिहिलंय की असं सरळ एकदाच खाली उतरणं धोक्याचं आहे. अजाईलचा जाहीरनामा 2001 चा, सतरा जणांनी केलेला, छोटासा आहे, वाचून टाक.

फक्त घराची तुलना फार ताणू नकोस. भिंत पाडली की विटा वाया जातात, कोड बदलणं त्यामानाने स्वस्त, पण बदलानंतर काही बिघडलं का ते तपासणाऱ्या टेस्ट लिहिलेल्या असतील तरच.

सोमवारी प्लॅनिंगला दहा दिवसांच्या बिलाची स्टोरी, म्हणजे तेवढं एक काम, तू घे. आधी केंद्रावर फोन करून विचार, आत्ता वहीत बिल कसं काढतात ते.