सातवी मोट

(भरिताची ताटं उचलल्यावर सांगायची. ज्याच्याकडे गंजलेली कप्पी आहे त्यानं आधीच केळीत जाऊन बसावं. खोकायचंसुद्धा नाही.)

या रे पोरांनो, सरका जवळ. मोबाइल खिशात घाला. पऱ्हाटी विझत आलीय, विझू द्या. आज काम कानांचं आहे.

आधी नुसतं ऐका. काय येतंय ऐकू?

केळीची पानं. वाऱ्यानं फाटलेली पानं एकमेकांवर घासली, की कुणी कोरं लुगडं नेसून चालल्यासारखं वाटतं. सळ… सळ… हा आवाज ओळखून ठेवा. हा आपला आहे, याला भ्यायचं नाही.

मी दहावीत होतो. हेच शेत, आणि तो मागं काळा दिसतोय तोच सातपुडा. चोपड्याकडं तेव्हाही शेतीची लाइट बरेचदा रात्रीचीच. केळीला पाणी तर हवंच. म्हणून मी आणि आमचे सालदार आप्पा त्या पत्र्याच्या खोलीत झोपायचो. लाइट आली की मोटर सुरू. घूंऽऽऽ. त्या आवाजात काय झोप लागायची सांगू!

दुपारी तुम्ही मागच्या जुन्या विहिरीत दगड टाकत होतात ना? काय वाजलं? पाणी वाजलं का? नाही. खट्ट. कोरडी आहे ती. पण कधीकाळी तिच्यावर मोट चालायची. बैल धावेवरून उताराला चालले की नाडा ताणायचा, चाक करकरायचं, चामड्याची मोट वर यायची आणि थारोळ्यात उपडी व्हायची. विजेची मोटर आली, चाक भंगारात गेलं.

आप्पा मला म्हणाले होते, "लाइट गई नि मांगून आवाज उना, तर ऐकजो. पन मोजानं नही."

का, ते फार दिवसांनी कळलं. एका संध्याकाळी मोटकऱ्याला मालकानं सांगितलं, अजून सात मोटा ओढ, मग बैल सोड. सहा झाल्या. सातव्या वेळी नाडा तुटला, त्याच्या पायात अडकला, आणि तो मोटेबरोबर खाली गेला. बैल मात्र तसेच धावेवर उभे होते म्हणे. घुंगरं हलवत.

तर त्या रात्री लाइट गेली.

घूंऽऽ… उंऽ… मोटर थांबली. मग रातकिडे थांबले. मग, पोरांनो, पानं थांबली.

(इथे मनात दहा मोजा. कुणी हसलं तरी बोलू नका.)

कुईऽऽऽ… धोऽ.

लांबून. मला वाटलं, कुणाचं तरी फाटक असेल.

कुईऽऽऽ… धोऽ.

फाटकातून पाणी पडत नाही. ते पाणी थारोळ्यात पडत होतं. आणि मग बैल मागं सरकल्यासारखी घुंगरं. छुन… छुन… छुन.

कुईऽऽऽ… धोऽ.

मी मोजत नव्हतो, आईशप्पथ. पण डोक्यात आपोआप आलं, तीन.

कुईऽऽऽ… धोऽ.

आता घुंगरं विहिरीपाशी नव्हती. या खोलीच्या मागं होती. पत्र्याला काहीतरी घासत होतं. ओला दोर ओढल्यासारखं. खर्रर्र…

कुईऽऽऽ… धोऽ.

मी गोधडी तोंडात कोंबली.

(आवाज अगदी खाली आणा, सगळे पुढं वाकतील एवढा.)

कुईऽऽऽ…

धोऽ.

मग काहीच नाही. मला फक्त माझं रक्त ऐकू येत होतं, कानात. आणि पत्र्याच्या पलीकडून, माझ्या उशीच्या उंचीवरून कुणीतरी विचारलं,

"कितल्या व्हयन्यात?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात अंधारातून आप्पा शांतपणे बोलले. रोज बोलत असावेत असे.

"पाच."

बराच वेळ काही नाही. मग घुंगरं मागं सरकली. छुन… छुन… पानं पुन्हा हलली. पहाटे लाइट आली. मी जाऊन पाहिलं, विहीर कोरडी. थारोळं ओलं.

आप्पा रोज त्याला एक मोट कमी सांगायचे. म्हणजे सातवी कधी येणारच नाही. आप्पांना जाऊन चार वर्षं झाली. आता खोटा आकडा सांगायला इथं कुणी नाही.

बरं, मी मघापासून तो आवाज काढतोय. किती वेळा काढला? मोजला का रे कुणी?

(कुणीतरी "सहा" म्हणेलच. त्याच्याकडे बघायचं नाही, केळीकडे बघायचं.)

हळू बोल ना रे…

पानं थांबली बघा.

(केळीतून कप्पी. एकदाच. लांब.)

हा मी नाही काढला.