सराव पत्रिका ४ : चिताल की प्रचिताल?
(रशियन, दुसरी पातळी. वेळ २५ मिनिटं. उच्चार देवनागरीत दिले आहेत, वहीत मात्र सिरिलिकमध्येच लिहा.)

रशियनमध्ये एकाच कामाला बहुतेकदा दोन क्रियापदं असतात. ‘चिताल’ म्हणजे तो वाचत होता, वाचायचा. ‘प्रचिताल’ म्हणजे त्यानं वाचून काढलं. आपण ‘वाचत बसलो’ आणि ‘वाचून टाकलं’ यांत जो फरक करतो, तो कानाशी धरा. पण त्यावर पूर्ण विसंबू नका, ६ आणि ८ मध्ये तो दगा देतो.

कंसातलं योग्य रूप भरा.

१. माशा द्वा चिसा _____ पिस्मो. (पिसाला / नपिसाला)
माशा दोन तास पत्र लिहीत होती.

२. माशा _____ पिस्मो ज़ा द्वा चिसा इ पश्ला ना पोच्तु. (पिसाला / नपिसाला)
माशानं दोन तासांत पत्र लिहिलं आणि ती पोस्टात गेली.

३. काझ्दये ऊत्र बाबुश्का _____ ख्लेप. (पकुपाला / कुपीला)
आजी रोज सकाळी पाव विकत घ्यायची.

४. फ्चेरा बाबुश्का _____ ख्लेप. वोत ओन, ना स्तल्ये. (पकुपाला / कुपीला)
काल आजीनं पाव घेतला. हा बघ, टेबलावर आहे.

५. ईवान दोल्गा _____ ज़दाचु, नो ने _____. (रेशाल / रेशील)
ईवान बराच वेळ गणित सोडवत होता, पण त्याला ते सुटलं नाही.

६. अक्नो ज़क्रीता, नो ख़ोलदना. क्तो _____ अक्नो? (अत्क्रिवाल / अत्क्रील)
खिडकी बंद आहे, तरी गारठा आहे. खिडकी कोणी उघडली होती?

७. ओन त्री राज़ा _____ व द्वेर इ वशोल. (स्तुचाल / पस्तुचाल)
त्यानं तीनदा दार वाजवलं आणि तो आत आला.

८. ईवान, ति _____ एतु क्नीगु? (चिताल / प्रचिताल)
ईवान, तू हे पुस्तक कधी वाचलंयस का?

उत्तरं : १ पिसाला, २ नपिसाला, ३ पकुपाला, ४ कुपीला, ५ रेशाल, रेशील, ६ अत्क्रिवाल, ७ पस्तुचाल, ८ चिताल.

पहिल्या दोनांत सगळा खेळ ‘ज़ा’ या इवल्याशा शब्दाचा आहे. नुसतं ‘द्वा चिसा’ म्हणजे किती वेळ चाललं, आणि ‘ज़ा द्वा चिसा’ म्हणजे किती वेळात पुरं झालं.

सहावं वाक्य मला फार आवडतं. खिडकी एकदाच उघडली, ती उघडलीही पूर्ण, तरी अपूर्ण रूप! कारण ती पुन्हा लावली गेली, म्हणजे उघडण्याचा परिणाम आता उरला नाही. खिडकी अजून उघडी असती, तर विचारलं असतं ‘क्तो अत्क्रील अक्नो?’

सातव्यात ‘तीनदा’ पाहिलं की हात अपूर्ण रूपाकडे जातो. पण ठकठकठक हा एका दमातला एकच प्रसंग आहे. शिवाय ते झाल्यावर तो आत आला, म्हणजे एकामागून एक घडलेल्या गोष्टी. सवयीनं, वेगवेगळ्या दिवशी वाजवलं असतं, तर ‘स्तुचाल’.

आठव्यात पुस्तक संपवलं की नाही, हा प्रश्नच नाही. वाचण्याचा अनुभव आहे का, एवढंच विचारायचंय. काल वाचायला दिलेलं पुस्तक आज परत मागताना मात्र ‘प्रचिताल?’ असं विचारा.