थ्रो, चिखल आणि शेवटचं मिनिट

सामना: सतरा वर्षांखालील मुलींचा आंतरशालेय फुटबॉल, जिल्हास्तर अंतिम सामना
स्थळ: राजर्षी शाहू स्टेडियम, कोल्हापूर
भाग: दुसऱ्या हाफची शेवटची मिनिटं
आवाज: समालोचक, सोबत माजी खेळाडू नीताताई

(माईक सुरू. मागे पाऊस, गॅलरीतली हलगी, मुलींचा कल्ला.)

समालोचक: श्रोतेहो, राजर्षी शाहू स्टेडियमवरून पुन्हा नमस्कार. आत्ताच रेडिओ लावला असेल तर आधी स्कोअर ऐका. गडहिंग्लज एक, कोल्हापूर एक. तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ आहेत आणि दुसऱ्या हाफची पंचवीस मिनिटं संपली. बरोबरी राहिली तर जादा वेळ नाही, थेट टायब्रेकर. पिवळ्या जर्सीत गडहिंग्लजची शाळा, निळ्या जर्सीत कोल्हापूरची. अर्थात, जर्सीचा रंग आता चिखलातून हुडकायला लागतोय. मी पाठीवरच्या नंबरवरून नावं सांगतोय आणि काही नंबरही आता दिसेनात.

मैदान डोळ्यांसमोर आणा. आमच्या डाव्या हाताच्या गोलकडे पिवळा संघ चाल करतोय. त्याच गोलच्या तोंडाशी, बरोबर रेषेच्या अलीकडे, पाण्याचं एक डबकं साचलंय. मध्यंतरात ग्राउंडमननी दोन पोती भुसा टाकला. पाणी भुशाला पुरून उरलं. हे डबकं लक्षात ठेवा. ह्या हाफच्या सुरुवातीला ह्यानंच गडहिंग्लजचा एक हमखास गोल अडवला.

नीताताई: सर, तो बॉल गोलकीपरला चकवून गेला होता. पाण्यात रुतला आणि जागेवरच थांबला. श्रावणी नुसती बघत उभी राहिली. फॉरवर्डनं तेवढंच करायचं नसतं. बॉल आत जातोय असं वाटलं तरी त्याच्या मागं पळायचं असतं.

समालोचक: श्रावणी म्हणजे नऊ नंबर. खेळ सुरू. निळ्यांची वैष्णवी, दहा नंबर, मधल्या वर्तुळात. एकीला हुलकावणी, दुसरीला... बॉल जरा पुढे गेला. सानिका आली! गडहिंग्लजची कॅप्टन सानिका, चार नंबर, घसरत आली आणि बॉल थेट गॅलरीत. स्वच्छ टॅकल. पंचांनी थ्रो दिला. वैष्णवी मात्र खाली बसलीये, पोटरी धरून. गोळा आलाय तिला.

नीताताई: चिखलात पळताना प्रत्येक पावलाला पाय उपसून काढावा लागतो. शेवटच्या पाच मिनिटांत पोटऱ्या बोलायला लागतात. सानिकाच बघा, विरोधी कॅप्टन असून तिचा पाय ताणून देतीय.

समालोचक: खेळ थांबलाय तेवढ्यात एक सांगतो. गॅलरी आज गच्च भरलीये. मुलांच्या पेठापेठांच्या सामन्यांना ही गॅलरी भरते, त्यात नवल नाही. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला तेव्हा ह्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव देशाकडून खेळला, ते इथल्या पोराटोरांना पाठ आहे. पण आज मुलींच्या सामन्याला हलगी वाजतीये, ताई.

नीताताई: आम्ही खेळायचो तेव्हा आमचा सामना म्हणजे मुलांच्या फायनलआधीची वेळ भरायला असायचा. लोक हळूहळू जमायचे आणि ते जमेपर्यंत आमचं संपलेलं असायचं. २०२२ ला मुलींच्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाची फायनल नवी मुंबईत झाली. स्पेननं कोलंबियाला एक-शून्यनं हरवलं. तेव्हा ह्या मुली बारा-तेरा वर्षांच्या असतील. आज ही हलगी ऐकून मला बरं वाटतंय, सर. खूप बरं वाटतंय.

समालोचक: वैष्णवी उठली. टाळ्या. थ्रो निळ्यांचा, खेळ सुरू. अनुष्काकडे, पाच नंबर. तिनं लांब मारला. हवेत बॉल, वारा त्याला मागे ढकलतोय, डीच्या बाहेर पडला. वैष्णवी तिथं आहे! वळली, डाव्या पायानं फटका! क्रॉसबार! बॉल बारला लागून परत मैदानात! सानिकानं डोक्यानं बाहेर काढला. ऐकलंत का तो आवाज? पावसातसुद्धा बारचा तो ठण्ण इथपर्यंत आला. गडहिंग्लज वाचलं.

नीताताई: बोटभर खाली असता तर गोल होता.

समालोचक: एकोणतीस मिनिटं झाली. चौथ्या पंचांनी बोर्ड वर केला, दोन मिनिटं वाढवून. गडहिंग्लजच्या प्रशिक्षक बाईंचा घसा बसलाय, त्या हातानंच खुणा करतायत. टायब्रेकरसाठी कोण कोण, हे त्यांनी ठरवलं असेल. ह्या मुली पहाटे निघाल्या, संकेश्वर, निपाणी करत कोल्हापूर गाठलं, आणि हा आजच्या दिवसातला त्यांचा दुसरा सामना आहे. सकाळी सेमीफायनल खेळल्यात. आता पायात काय शिल्लक आहे, त्यांनाच ठाऊक.

तनुजा, सात नंबर, डाव्या बगलेनं. समोर अनुष्का. तनुजानं बॉल तिच्या पायावर मारला आणि बाहेर! थ्रो मिळवला. मुद्दाम मारला, ताई?

नीताताई: मुद्दाम, सर. शंभर टक्के. बघा की, कोण पळत येतंय थ्रो घ्यायला.

समालोचक: ऐश्वर्या येतीये. अकरा नंबर. सगळं मैदान तिरकं ओलांडून येतीये. सकाळच्या सामन्यात हिच्या थ्रोवर दोन कॉर्नर मिळाले होते. बॉल ओला आहे, हातातून निसटतोय. राखीव खेळाडूंच्या बाकाशी गेली, एका मुलीनं जॅकेट काढून आतली कोरडी बाजू पुढे केली. त्यावर बॉल पुसतीये. एकदा, दोनदा, उलटा करून पुन्हा. पंच घड्याळ बघतायत. निळा बचाव काय करतोय? अनुष्का हात वर करून सगळ्यांना पुढे बोलावतीये. निळी रांग डीच्या बाहेर चढत आली.

नीताताई: ऑफसाईडसाठी लाईन पुढं काढतायत. सर, श्रावणीकडं बघा. ती परत आलीच नाही. गोलजवळच उभी आहे एकटी!

समालोचक: श्रावणी निळ्यांच्या रांगेच्या पार मागे. तिच्यापुढे फक्त गोलकीपर मृण्मयी. अनुष्का लाईनमनला हात दाखवतीये. ऐश्वर्यानं चार पावलं मागे घेतली. धावली. दोन्ही पाय टेकले, बॉल डोक्यामागून... फेकला! लांब! काय लांब थ्रो आहे हा! निळ्यांच्या डोक्यावरून! श्रावणीच्या छातीवर! निळ्या मुली थांबल्या, हात वर केले. लाईनमनचा झेंडा? खालीच! झेंडा खालीच आहे! खेळ सुरू आहे! श्रावणी वळली, मृण्मयी पुढे आली, श्रावणीनं मारला! मृण्मयीच्या बोटांना लागला! तरी बॉल पुढे चाललाय, रेषेकडे चाललाय, हळू, आणखी हळू... डबकं! डबक्यात थांबला! बॉल थांबला! रेषेच्या अलीकडे, वीतभर! अनुष्का मागून धावत येतीये, श्रावणी खाली पडलीये, उठली, उठली, पळाली, दोघी एकदम, श्रावणीनं अंग टाकलं...

गोल! गोल! गोल! गडहिंग्लज! पाण्यासकट, भुशासकट, बॉल जाळ्यात! श्रावणीसुद्धा जाळ्यात! पंच मध्यरेषेकडे निघाले, गोल दिला! गडहिंग्लज दोन, कोल्हापूर एक! साठ मिनिटं संपून गेल्यावर, वाढीव वेळेत, नऊ नंबरच्या श्रावणीनं गोल केलाय!

(हलगी. शिट्ट्या. कुणीतरी ओरडतं, "नाद खुळा!" माईकपाशी काही क्षण कुणी बोलत नाही.)

नीताताई: पळाली, सर. ह्या वेळी मागं पळाली ती.

समालोचक: श्रावणी जाळ्यात अडकलीये, तनुजा तिला सोडवतीये. तोंडावर नुसता चिखल, त्यात दात तेवढे दिसतायत. ती कुणाच्या गळ्यात न पडता सरळ पळत निघाली, टचलाईनकडे, ऐश्वर्याकडे. दोघी पडल्या. त्यांच्यावर सगळा पिवळा संघ. जॅकेट देणारी ती राखीव मुलगी जॅकेट गरागरा फिरवतीये.

इकडे निळ्या मुली पंचांभोवती जमल्यात. अनुष्का ऑफसाईड, ऑफसाईड म्हणतीये. पंच शांतपणे मान हलवतायत, हातानं थ्रोची खूण करून दाखवतायत. ताई, घरी ऐकणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडला असेल.

नीताताई: गोल बरोबर आहे, सर. थ्रो-इनवरून थेट बॉल मिळाला तर ऑफसाईड नसतो. गोलकिकवर नसतो, कॉर्नरवरही नसतो. थ्रो घेताना तुम्ही अगदी गोलकीपरच्या शेजारी उभ्या असलात तरी चालतं. नियमाच्या पुस्तकात आहे, पण मोठमोठे खेळाडू गडबडीत विसरतात. आणि पुढं बॉल डबक्यात थांबला तोही तिचाच होता, दुसऱ्या कुणी पास दिलेला नव्हता. त्यामुळं तिथंही ऑफसाईड नाही. अनुष्काला मी दोष देणार नाही. साठ मिनिटं तिनं ही लाईन सांभाळली, एकदाही चुकली नाही. ह्या एका थ्रोला तिनं पुढं यायला नको होतं.

समालोचक: आणि हात वर करून थांबली तरी पुन्हा धावली.

नीताताई: धावली. अर्धं पाऊल कमी पडलं.

समालोचक: मृण्मयी अजून गोलमध्येच गुडघ्यावर बसलीये. हातमोज्याची बोटं बघतीये. बॉल तिच्या बोटांना लागला होता, श्रोतेहो, मी इथून पाहिलं. ते डबकं नसतं तर तिच्या हाताला लागूनही तो आत गेला असता. डबक्यानं तिला एक संधी दिली होती, पण ती आडवी पडलेली होती. वैष्णवी लंगडत तिच्यापाशी गेली, काखेत हात घालून उभी केली.

पंच घाई करतायत. बॉल मध्यावर. अजून काही सेकंद आहेत. गडहिंग्लजच्या बाई दोन्ही हातांनी मागे या, मागे या म्हणतायत. निळ्यांनी सुरुवात केली, वैष्णवीनं थेट गोलकडे मारला, मध्यापासून! हवेत आहे... गडहिंग्लजची गोलकीपर मागे सरकतीये... पकडला! छातीशी घट्ट धरला आणि ती बॉलवर आडवी झाली. उठली. पंचांनी शिट्टी तोंडात धरली, तिनं मारला, उंच, उंच...

(लांब शिट्टी.)

संपला! सामना संपला! गडहिंग्लज दोन, कोल्हापूर एक! बॉल अजून हवेत आहे आणि बाकावरच्या मुली मैदानात घुसल्यात! बाई घसरून पडल्या, मुलींनी त्यांना उठवलंच नाही, सगळ्या त्यांच्या शेजारी चिखलातच बसल्यात. गेटबाहेर बसचा हॉर्न ऐकू येतोय, थांबायचं नावच नाही. ड्रायव्हरमामांना निकाल कळलेला दिसतोय.

नीताताई: सर, मी जरा खाली जाऊन येते. ऐश्वर्याला भेटायचंय.

समालोचक: जा, ताई. श्रोतेहो, बक्षीस समारंभ पंधरा मिनिटांत आहे, पाऊस असल्यानं तो गॅलरीखाली होईल. श्रावणी आणि अनुष्का दोघींनाही माईकपाशी आणायचा प्रयत्न करतो. तोवर पुन्हा एकदा निकाल: सतरा वर्षांखालील मुली, अंतिम सामना, गडहिंग्लज दोन, कोल्हापूर एक. विजयी गोल नऊ नंबर श्रावणी, थ्रो अकरा नंबर ऐश्वर्या. शाहू स्टेडियमवरून आता स्टुडिओकडे.

(हलगी वाढते. माईक बंद.)