अनुभव

सोलापूरच्या नवी पेठेतल्या सायबर कॅफेत दुपारी गर्दी नसते म्हणून वैशालीअक्कानं रूपालीला दोनची वेळ दिली होती. बोरामणीहून एसटीनं आलेली रूपाली मार्कलिस्टांची पिशवी मांडीवर धरून खुर्चीच्या अगदी कडेला बसली. कॅफेवाल्यानं रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतलं आणि म्हणाला, "रिझ्युमे ना? तयार फॉरमॅट आहे. पन्नास रुपये द्या, मीच नाव बदलून देतो."

"नको. तीच करणार आहे," अक्का म्हणाली आणि कीबोर्ड रूपालीकडं सरकवला.

अक्का ही मावशीची मुलगी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला काम करते. तिच्याच कारखान्यात हिशेबाच्या कामाला मुलगी पाहिजे होती आणि संध्याकाळपर्यंत मेल जायला हवा होता.

रूपालीनं एमएससीआयटी केलेलं होतं, पण हात बसलेला नव्हता. दोनच बोटं चालत होती. नाव झालं, पत्ता झाला. विद्यापीठाचं नाव लिहिताना मात्र ती अडली. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. एका ओळीत मावेना.

"नुसतं सोलापूर विद्यापीठ लिहू का?"

"मार्कलिस्टवर जे आहे तेच लिही. अक्षर बारीक कर, बसतंय."

बसलं. बी.कॉम., २०२२. त्याखाली 'अनुभव' असा मथळा टाईप करून रूपालीनं 'नाही' असं लिहिलं आणि पुढं जायला निघाली.

"थांब. नाही म्हणजे?"

"कुठं नोकरी केलीय मी? आईचं ऑपरेशन झालं, मग घरीच होते की."

"घरी म्हणजे काय करत होतीस?"

"भाकरी, धुणं, आईचं औषधपाणी. आणि दादांच्या डेअरीचं बघायचे." दादा म्हणजे तिचे थोरले चुलते. गावातलं दूध संकलन केंद्र त्यांच्या नावावर होतं.

"काय बघायचीस? नीट सांग."

रूपाली सांगायला लागली तशी तिची मान वर आली. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, दुधाची प्रत ठरवायला फॅट आणि एसएनएफ काढायचा, प्रत्येकाच्या नावावर लिटर चढवायचे. दर दहा दिवसांनी बिलं काढायची. कुणी पशुखाद्याचं पोतं उधार नेलेलं असलं तर ते बिलातून वळतं करायचं. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून भाव लागतो, त्याच्या खाली गेलं की कपात होते. त्यावरून बायका भांडायला यायच्या. मग ती वही उघडून त्यांना त्यांचा एकेक दिवस दाखवायची.

"किती खातेदार होते?"

"चौऱ्याऐंशी. नंतर हे सगळं मी एक्सेलमध्ये घेतलं. दादांना वहीच बरी वाटायची, पण बेरीज चुकायची थांबली."

अक्का तिच्याकडं बघतच राहिली. कारखान्यात दर महिन्याला मजुरांच्या उचली पगारातून वजा करताना काय गोंधळ उडतो, ते ती रोज बघत होती. जे काम येणारी मुलगी ते शोधत होते, तेच काम रूपाली गावात दोन वर्षं करून आली होती.

"आणि वर 'नाही' लिहितीस?"

"पण पगार नव्हता ना अक्का. घरचंच होतं."

"पगार किती घेतलास असं विचारलंय का त्यांनी? काय काम येतंय ते विचारलंय. खोडून टाक ते."

रूपालीनं 'नाही' खोडलं. अक्कानं सांगितलेली ओळ ती सावकाश लिहू लागली: दूध संकलन केंद्र, बोरामणी, २०२२ ते २०२४, हिशेबाच्या कामात साहाय्य. ओळ पुरी झाली आणि ती थांबली.

"साहाय्य नको," ती म्हणाली. "साहाय्य कुणाला? दादा पहाटे कॅन भरून गाडीवर चढवायचे. हिशेब मीच करायचे."

"मग तसं लिही."

तिनं ते शब्द पुसले. 'चौऱ्याऐंशी दूध उत्पादकांची दैनंदिन नोंद, दहा दिवसांची बिलं व उधारी वसुली.' 'एक्सेलमध्ये खाती तयार केली.' आता तिची बोटं थोडी भराभर पडत होती. खाली तयार फॉरमॅटमध्ये असतात तसे 'कष्टाळू, प्रामाणिक' हे शब्द टाकायचे का, असं तिनं विचारलं. अक्का म्हणाली, ते सगळेच टाकतात, जागा सोड. छंदही सोडले. मोबाईल नंबर दोघींनी दोनदा तपासला, कारण तिथं एक आकडा चुकला तर बाकी सगळं फुकट.

पीडीएफ झाली, मेल गेला.

"प्रिंट किती काढू?" कॅफेवाल्यानं विचारलं.

"एक," अक्का म्हणाली.

"चार काढा," रूपाली म्हणाली, आणि पिशवीतून घडी घातलेला कागद काढून अक्कापुढं धरला. "एमआयडीसीतल्या अजून तीन कारखान्यांची नावं लिहून आणलीत. यातल्या कुठल्या गेटवर आत सोडतील, सांग."