सई, या आठवड्यासाठी

सई,

शनिवारी दुपारी 4 ला 800 ची हीट, रविवारी सकाळी 9 ला फायनल. आज सोमवार. आज केलेल्या मेहनतीचा फायदा अंगात उतरायला दहा-पंधरा दिवस लागतात, थकवा मात्र दुसऱ्याच दिवशी येतो. म्हणून या आठवड्यात धावणं निम्म्यावर, 40 ऐवजी 20 किलोमीटर. वेग मात्र तोच ठेवायचा. नुसतं जॉगिंग केलंस तर पाय सुस्तावतात आणि हीटचे पहिले 200 मीटर जड जातात.

मंगळवारी 300 मीटर दोनदा, 52 सेकंदांत, मध्ये 8 मिनिटं चालणं. 49 मध्ये आलीस तर मला ते नकोय. बुधवारी 30 मिनिटं हलकं. गुरुवारी 15 मिनिटं जॉगिंग आणि 100 चे चार स्ट्राइड्स. शुक्रवारी फक्त बालेवाडीचा प्रवास. बसमध्ये दर तासाला उठून पाय मोकळे कर.

गुरुवारच्या आसपास पाय जड वाटतील, काट्यावर अर्धा किलो वाढलेला दिसेल. घाबरू नकोस. धावणं कमी झालं की स्नायूंत साखर साठते आणि ती पाणी धरून ठेवते. शनिवारी तेच इंधन लागणार आहे, म्हणून भाकरी-भात कमी करायचा नाही. आणि "जमतंय का बघते" म्हणून एकटीने 800 मारायची नाही. दरवर्षी कुणीतरी मारतंच, आणि शर्यत सरावातच संपवून येतं.

झोप आजपासून: 9.30 ला दिवा बंद, 6.30 ला उठायचं. फोन आईकडे, चारनंतर चहा नाही. शनिवारी रात्री झोप लागली नाही तरी चालेल, डोळे मिटून पडून राहा. आठवडाभराची झोप जमा असली की एका रात्रीने वेळ बिघडत नाही. सारखं घड्याळ बघितलंस तर जीव उगाच धास्तावतो.

मामांनी आणलेले नवे स्पाइक्स पिशवीतच राहू देत. त्यांचा तळ कडक आहे. पोटरी आखडते, टाचेला फोड येतो. जुनेच घाल, 6 मिलिमीटरच्या पिना आजच पान्याने घट्ट कर. शर्यतीआधी दोन-तीन तास नेहमीचे पोहे आणि केळं. कुणी एनर्जी ड्रिंक, पावडर, मालिश देऊ केलं तर नको म्हण. तुझ्या पोटाला आणि पायांना त्यांची सवय नाही.

सर्दी झाली तर गोळी घेण्याआधी मला फोन कर. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि डोप चाचणीत ते अडचणीत आणू शकतं. पाळीची तारीख याच आठवड्यात आहे हे मला माहीत आहे. पुढे ढकलायची गोळी तू कधी घेतलेली नाहीस, तर आता नको. पाळीतही तू चांगली धावली आहेस, डायरीत वेळा बघ.

गुरुवारी सरावाला येताना भरलेली बॅग घेऊन ये. बिबसाठी चार सेफ्टी पिना, जन्मदाखला आणि ओळखपत्र मला त्यात दिसलं पाहिजे.

– मॅडम