विषय: रात्रपाळी व सतर्कता अभ्यासाच्या डेटासेटची पुनर्विश्लेषणासाठी विनंती

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

मी संख्याशास्त्र विभागात पीएच.डी. करते. एकाच व्यक्तीच्या पुन्हापुन्हा घेतलेल्या मोजमापांचं विश्लेषण हा माझा विषय आहे. सलग रात्रपाळ्या करणाऱ्या परिचारिकांच्या सतर्कतेवरचा तुमचा मागच्या वर्षीचा शोधनिबंध आमच्या गटात आम्ही सविस्तर वाचला. ‘वाजवी विनंती केल्यास डेटा उपलब्ध करून देऊ’ असं त्याच्या शेवटी नमूद आहे, म्हणून हे पत्र.

निबंधात प्रत्येक परिचारिकेची प्रत्येक रात्रीची सरासरी प्रतिक्रिया-वेळ घेऊन रात्रींची तुलना केली आहे. दहा मिनिटांच्या सतर्कता चाचणीत दोन ते दहा सेकंदांच्या अनियमित अंतराने खूण दिसते, त्यामुळे एका बैठकीत कितीतरी प्रतिसाद नोंदले जातात. सरासरी काढली की ते सगळे एका आकड्यात विरून जातात. थकलेल्या माणसाचे बहुतेक प्रतिसाद ठीकठाक असतात, पण मधूनच एखादा फार लांबतो. अशी एकांगी झुकलेली आकडेवारी असली की सरासरी त्या मोजक्या लांबलेल्या प्रतिसादांमागे ओढली जाते. मग परिचारिका एकंदरीतच मंदावली, की फक्त तिच्या डुलक्या वाढल्या, हे सरासरीवरून कळत नाही. कामाच्या ठिकाणी मात्र या दोन्हींचा अर्थ पार वेगळा असतो.

म्हणून मला प्रत्येक प्रतिसादाची वेगळी नोंद हवी आहे. प्रतिक्रिया-वेळेचा व्यस्त आणि ५०० मिलिसेकंदांहून लांबलेल्या प्रतिसादांची संख्या, या दोन्हींसाठी मी मिश्र-परिणाम प्रतिमान वापरणार आहे. अधली एखादी रात्र चुकलेल्या परिचारिकांना तुमच्या विश्लेषणातून पूर्णपणे वगळलं आहे. या प्रतिमानात त्यांच्या बाकीच्या रात्री उपयोगी पडतील, आणि मला वाटतं, खरी गोम तिथेच असेल. दमलेल्याच जास्त गळाल्या असतील तर उरलेल्यांचं चित्र खऱ्यापेक्षा बरं दिसत असणार.

मला लागणारे रकाने एवढेच: `id`, `night`, `trial`, `rt` आणि पाळी सुरू होण्याआधीच्या झोपेचे तास. १०० मिलिसेकंदांच्या आतले प्रतिसाद आधीच काढले असतील तर तेवढं कळवावं. नाव, जन्मतारीख, वॉर्ड यांतलं काहीही नको; वय द्यायचंच असेल तर वयोगट पुरेल. साधी सीएसव्ही फाइल चालेल. ती नीटनेटकी नसली, रकान्यांची माहिती अर्धवट असली तरी हरकत नाही, साफसफाई मी करीन. स्वच्छ केलेली प्रत तुम्हालाही पाठवीन.

उपयोगाबद्दल: डेटा फक्त या एका पुनर्विश्लेषणासाठी आणि त्यावरच्या एका पद्धतिविषयक निबंधासाठी वापरीन. हे काम माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचा भाग असेल. व्यावसायिक वापर होणार नाही. फाइल कूटबद्ध ड्राइव्हवर राहील, ती मी आणि माझे मार्गदर्शक सोडून कोणी उघडणार नाही, आणि कोणाची ओळख पटवण्याचा प्रयत्न होणार नाही. निबंध छापून आल्यावर डेटा ठेवायचा की पुसायचा ते तुम्ही सांगाल तसं. विश्लेषणाचा आराखडा फाइल उघडण्याआधीच मी सार्वजनिकरीत्या नोंदवणार आहे. सहभागींच्या संमतीपत्रात अशा फेरवापराला जागा नसेल, किंवा तुमच्या नैतिकता समितीची वेगळी परवानगी लागणार असेल, तर तसं कळवावं; लागतील ते कागद मी पाठवीन.

श्रेयाबद्दल: तुमच्या निबंधाचा आणि डेटासेटला स्वतंत्र डीओआय असल्यास त्याचाही संदर्भ देईन. डेटा तुमच्या गटाने गोळा केला हे सारांशातच लिहीन, तळटीपेत नाही. विश्लेषणाचा अर्थ लावण्यात किंवा लेखनात तुमच्यापैकी कोणी सहभागी होणार असेल तर सहलेखक म्हणून स्वागतच आहे. नसेल तर ऋणनिर्देशात नावं कशी हवीत ते सांगावं.

एक गोष्ट आत्ताच मोकळेपणाने लिहिते. निष्कर्ष तुमच्यासारखेच येतील असं मी गृहीत धरलेलं नाही, आणि ते वेगळेच यावेत असाही हेतू नाही. मसुदा नियतकालिकाकडे पाठवण्याआधी तुम्हाला दाखवीन आणि वाचायला चार आठवडे देईन. तुमचा आक्षेप पटला तर दुरुस्ती करीन. नाही पटला तर तुमचं म्हणणं तुमच्याच शब्दांत निबंधात देईन. छापायचं की नाही हा निर्णय मात्र माझ्याकडे राहू द्यावा, ही विनंती.

डेटा-वापराचा करार करायचा असल्यास तुमचा नमुना पाठवावा, आमच्या विभागाकडून सही घेते. डेटा देणं शक्य नसेल तर एका ओळीत तसं कळवलंत तरी चालेल, म्हणजे मी दुसरा डेटासेट शोधायला लागेन.

आपली विश्वासू,
मृणाल
पीएच.डी. संशोधक, संख्याशास्त्र विभाग
(प्रत: माझे मार्गदर्शक)