हे पीठ पोळीसाठी घेऊ नका!

(संस्थेच्या नव्या बाफला पिठाची रील. उभी फ्रेम, तीन मिनिटांच्या आत. बोलणारे तिघं: ताई, काकू आणि देपालपूरकडचे आपले सभासद दादा. पाठ करून बोलू नका, शब्द इकडचे तिकडे झाले तरी चालतील. भाव आणि दळणाची तारीख मात्र चुकवू नका.)

[राजेंद्र नगर, काकूंचं स्वयंपाकघर. कॅमेरा थेट पातेल्यावर. पाणी गढूळ, गोळ्यांच्या कडा सुटून तरंगतायत.]

काकू: बघ गं बाई! सकाळपासून राबतेय. पाहुणे बाराला येणार, आणि हे बाफले आहेत की पतंगाला लावायची खळ?

ताई: काकू, पीठ कुठलं घेतलंत?

काकू: कुठलं म्हणजे? रोजचं, पोळीचं. गहू तो गहूच ना!

ताई (कॅमेऱ्याकडे वळून): इथेच गोची आहे भियाओ.

[ताईंचा तळहात, अगदी जवळून. डावीकडे शरबतीचे दाणे, उजवीकडे मालवी.]

ताई: हा शरबती. पोळीला एक नंबर, त्याची काही तक्रार नाही. आणि हा आपला मालवी गहू, कुणी कठिया म्हणतं. लांबट, पिवळसर, उजेडात धरला की काचेसारखा दिसतो. आता नुसतं ऐका.

[मालवीचा दाणा दाताखाली. कट्! माईक गालाजवळ धरा. एका टेकमध्ये आवाज आला नाही तर दुसरा दाणा घ्या, नंतर वरून आवाज चिकटवू नका. लोकांना कळतं.]

ताई: कडक आहे ना? म्हणून पाण्यात विरघळत नाही. इटलीचे लोक पास्ता याच प्रकारच्या गव्हाचा करतात. पास्ताही उकळत्या पाण्यात जातो आणि आपला बाफलाही. तिकडे त्याची नळी होते, इकडे लाडूएवढा गोळा, बाकी गणित तेच.

[शेत. कापणी झालेली, धसकटं दिसतायत. दादा बांधावर बसलेले, हातात लोंबी.]

ताई: दादा, हा कुठला वाण?

दादा: पूसा तेजस. कागदावर एचआय ८७५९. आपल्या इंदूरच्या गहू संशोधन केंद्रातला. आमचे आजोबा जुना मालवी लावायचे, काळ्या मातीच्या ओलीवर यायचा तो. याला पाणी देतो आम्ही, पण दाण्याची जात तीच, कडक.

ताई: मग मंडीत याला भाव वेगळा मिळत असेल?

दादा (हसून): मिळाला तर मिळाला. ढिगात गेला की कोण ओळखतंय त्याला? संस्था वेगळा तोलून घेते आणि मंडीच्या त्या दिवसाच्या भावावर क्विंटलला ४०० रुपये जास्त देते. तेवढ्यावर मी यंदा दोन बिघे वाढवले.

[दादांचं हसू कापू नका. 'दोन बिघे' म्हणताना बोटं दाखवली तर तीही राहू द्या.]

[आपली गिरणी. इथे गाणं नको, जात्याची घरघरच ठेवा. जाडसर पीठ थैलीत पडतंय.]

ताई: आता तुम्ही म्हणाल, गहू आणू आणि चक्कीवर दळून घेऊ. जरूर घ्या! पण दोन किलोच्या दळणासाठी चक्कीवाले भैया पाट सैल करून देतात का हो? आणि दिलंच, तरी आधीच्या गिऱ्हाइकाचं बारीक पीठ त्यात उतरतं. म्हणून आम्ही आठवड्यातून एक दिवस फक्त बाफल्याचं दळतो. चिमटीत घ्या. रव्यापेक्षा बारीक, पोळीच्या पिठापेक्षा जाड. कोंडा आतच आहे, काढलेला नाही.

[परत काकूंचं स्वयंपाकघर. परातीत नवं पीठ.]

ताई: अर्धा किलो पीठ. मीठ, ओवा, चिमूटभर हळद. आणि मोहन, चार मोठे चमचे तूप. काकू, हात आखडू नका.

काकू: तूप घालायला मला कुणी शिकवायला नको!

ताई: आता मूठ वळा.

[मुठीचा जवळून शॉट. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहतो, मग बोटाने टोचल्यावर फुटतो.]

ताई: हे असं दिसलं की मोहन बरोबर. मुठीतच सुटलं तर अजून एक चमचा. पाणी बेतानं, कणीक घट्ट. वीस मिनिटं झाकून ठेवा, जाड पीठ आहे, त्याला पाणी प्यायला वेळ लागतो. मग पाणी खळखळ उकळू द्या आणि तेव्हाच गोळे सोडा. कोमट पाण्यात सोडलेत तर आमचं पीठही तुमची लाज राखणार नाही.

[गोळे तळाशी. मग हळूहळू एक एक वर येतो. हे फास्ट करून दाखवा, पण पहिला गोळा वर येतो तेवढा क्षण सावकाश.]

काकू: आला! आला वर! पाणी बघ गं, स्वच्छ!

ताई: पंधरा-वीस मिनिटांनी काढायचे, कापडावर कोरडे करायचे आणि गॅस तंदूरमध्ये नाहीतर ओव्हनमध्ये भाजायचे. वर भेगा पडल्या, रंग आला, की तुपात बुडवा. उरलेले दोन कुस्करून गूळ घातला की चुरमा तयार.

काकू: उरले तर!

[काकू पिशवी उलटसुलट करून बघतात.]

काकू: आणि याच्या पुरणपोळ्या?

ताई: नाही! काकू, तेवढं करू नका. हे पीठ ताणलं की तुटतं. पुरण बाहेर येईल आणि शिव्या आम्हाला. रोजच्या पोळीलाही नको, वातड होते. बाफले, चुरमा, शिरा, लाडू. बस.

काकू: विकायला आलीस की परत पाठवायला?

ताई: एकदा तुमची पोळी बिघडली की तुम्ही आमच्या दुकानाची पायरी चढणार आहात का?

[काकू उत्तर देत नाहीत, पिशवीवरचा भाव वाचतात.]

काकू: किलोला ६० रुपये? भारीच आहे गं.

ताई: पोळीच्या पिठापेक्षा जास्त आहे, हे खरं. दादांचा जादा भाव, वेगळं दळण, एक किलोची छोटी पिशवी, हे सगळं त्यात आलं. पण दहा किलो घेऊन ठेवू नका. कोंड्यासकट आहे, दोन महिन्यांत संपवा. पावसाळ्यात घट्ट डब्यात, फ्रिजमध्ये. दळणाची तारीख पिशवीच्या मागे, मोठ्या अक्षरात छापलीय, चष्मा शोधायला नको.

[संस्थेच्या दुकानाचं दार. फळीवर पिशव्यांची रांग.]

ताई: राजेंद्र नगरच्या आपल्या दुकानात शनिवारी सकाळी ताजं येतं. गव्हाची अ‍ॅलर्जी असेल त्यांनी नाही हं घ्यायचं, हा गहूच आहे. बाकी मंडळी रविवारी या, पण दहाच्या आधी. मागच्या रविवारी साडेदहाला फळी रिकामी होती.

[शेवटचा शॉट. काकूंचं जेवणाचं ताट. डाळीत बुडालेला बाफला, वरून तुपाची धार.]

काकू (भरल्या तोंडाने): त्या सकाळच्या खळीचं काय करू?

ताई: दिवाळीला आकाशकंदील चिकटवायला ठेवा.

काकू: दिवाळीपर्यंत टिकणारे होय! उचल तो डबा, दादांच्या गाईला घालून ये.